तिमाही विवरणपत्र, मासिक भरणा: 35 टक्क्यांचे चलन भरावे की प्रत्यक्ष कर?

प्रश्न: महाराष्ट्रात आमचे इलेक्ट्रिकल सामानाचे घाऊक दुकान आहे आणि आम्ही जीएसटीचे विवरणपत्र दर तिमाहीला भरतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये आम्ही 60,000 रुपये कर रोखीने भरला होता, म्हणून पोर्टल ऑक्टोबरसाठी 21,000 रुपयांचे चलन दाखवते आहे. दिवाळीमुळे ऑक्टोबरचा खरा कर मात्र 48,000 रुपये निघतो. फक्त 21,000 भरले तर उरलेल्यावर व्याज लागेल का? आणि पुढच्या तिमाहीत विक्री घटल्यावर काय करायचे?

उत्तर:

ऑक्टोबरसाठी आपण 21,000 रुपयांचे चलन 25 नोव्हेंबरपर्यंत भरले, तर उरलेल्या 27,000 रुपयांवर त्या काळाचे व्याज लागणार नाही. मात्र संपूर्ण तिमाहीचा कर आपण जीएसटीआर-3बी विवरणपत्रातून मुदतीत चुकता केला पाहिजे, ही त्यातली अट आहे. खरा कर जास्त असताना ठरलेली कमी रक्कम भरणे ही पळवाट नव्हे. 10 नोव्हेंबर 2020 रोजीच्या केंद्रीय कर अधिसूचना क्रमांक 85/2020 ने ही पद्धत दिलेली आहे, 1 जानेवारी 2021 पासून ती लागू आहे, आणि त्याच वेळी निघालेल्या परिपत्रक क्रमांक 143 मध्ये व्याजाचा मुद्दा उदाहरणे देऊन स्पष्ट केलेला आहे. अनेक व्यापारी केवळ भीतीपोटी जास्त रक्कम भरतात आणि काही जण नेमके उलट, जिथे चलन भरायलाच हवे तिथे ते टाळतात, म्हणून आपले आकडे घेऊन सहा महिन्यांचा हिशेब मांडतो.

मागील आर्थिक वर्षात ज्यांची एकूण उलाढाल 5 कोटी रुपयांपर्यंत होती त्यांना या योजनेत विवरणपत्र तिमाहीला एकदा भरता येते, पण कर महिन्यालाच सरकारकडे जमा करावा लागतो. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा भरणा पीएमटी-06 या चलनाने पुढील महिन्याच्या 25 तारखेपर्यंत करायचा असतो. तिसऱ्या महिन्यासाठी वेगळे चलन नसते, कारण त्या वेळी विवरणपत्रच भरायचे असते. महाराष्ट्रातील करदात्यांसाठी तिमाही जीएसटीआर-3बीची मुदत तिमाहीनंतरच्या महिन्याची 22 तारीख आहे. काही राज्यांना ती 24 आहे. त्यामुळे आपल्या बाबतीत ऑक्टोबरचे चलन 25 नोव्हेंबरपर्यंत, नोव्हेंबरचे 25 डिसेंबरपर्यंत आणि तिमाहीचे विवरणपत्र 22 जानेवारीपर्यंत, असे वेळापत्रक होते. 25 डिसेंबरला नाताळची सुट्टी असते. त्या दिवशी नेट बँकिंगचा व्यवहार अडकला, तर मदतीला बँकेची शाखा उघडी नसते, म्हणून हे चलन मी अशिलांकडून दोन दिवस आधीच भरून घेतो.

पहिल्या दोन महिन्यांचा भरणा दोन पद्धतींनी करता येतो. पहिली ठरावीक रकमेची पद्धत, जिला सगळे 35 टक्क्यांचे चलन म्हणतात. मागील तिमाहीच्या विवरणपत्रात जेवढा कर कॅश लेजरमधून, म्हणजे रोखीने, वळता झाला त्याच्या 35 टक्के रक्कम पोर्टल सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी अशा शीर्षांनुसार आपोआप भरून देते. आपला 60,000 रुपयांचा कर सीजीएसटी आणि एसजीएसटी यांत निम्मा-निम्मा होता असे धरले, तर चलनात 10,500 आणि 10,500 असे आकडे दिसतील. यात इनपुट क्रेडिटमधून फिटलेला कर धरला जात नाही आणि विलंब शुल्क किंवा व्याज म्हणून भरलेली रक्कमही धरली जात नाही. दुसरी पद्धत स्वयंनिर्धारणाची आहे. तिच्यात त्या महिन्याच्या विक्रीवरचा कर काढायचा, त्यातून मिळू शकणारे इनपुट क्रेडिट वजा करायचे आणि उरलेली खरी रक्कम भरायची. कोणती पद्धत घ्यायची हे दर महिन्याला नव्याने ठरवता येते. एकाच तिमाहीत पहिल्या महिन्याला एक आणि दुसऱ्या महिन्याला दुसरी घेतली तरी चालते. वर्षभरासाठी एकच पद्धत निवडावी लागते असा समज बराच पसरलेला आहे, पण तो चुकीचा आहे.

आता आपली ऑक्टोबर ते डिसेंबरची तिमाही पाहू. ऑक्टोबरची करपात्र विक्री 8,00,000 रुपये असेल, तर 18 टक्क्यांनी कर 1,44,000 रुपये होतो. खरेदीवरचे क्रेडिट 96,000 रुपये वजा जाता 48,000 रुपये उरतात, आणि आपण लिहिलेला आकडा हाच आहे. पुढे नोव्हेंबरचा निव्वळ कर 26,000 आणि डिसेंबरचा 16,000 रुपये निघाला असे धरू, म्हणजे तिमाहीचा एकूण कर 90,000 रुपये होईल. ठरावीक रकमेच्या पद्धतीने आपण ऑक्टोबर आणि नोव्हेंबरसाठी प्रत्येकी 21,000 असे 42,000 रुपये भराल आणि 22 जानेवारीपर्यंत उरलेले 48,000 रुपये भरून विवरणपत्र दाखल कराल. ऑक्टोबरमध्ये 27,000 आणि नोव्हेंबरमध्ये 5,000 रुपये कमी भरले गेले, तरी त्यावर व्याज शून्य राहील.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोनदा 35 टक्के भरले म्हणजे शेवटी 30 टक्के उरतात, असे कित्येक जण धरून चालतात आणि 22 तारखेला 18,000 रुपयांची तयारी ठेवतात. ती 35 टक्के रक्कम मागच्या तिमाहीच्या करावर काढलेली असते. शेवटी मात्र चालू तिमाहीचा खरा कर वजा आधी जमा केलेली रक्कम, एवढे सगळे एकदम द्यावे लागते. आपल्या बाबतीत हा आकडा 18,000 नसून 48,000 आहे. दिवाळीत ग्राहकांकडून वसूल केलेला कर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नव्या मालात गुंतवला गेला आणि कंत्राटदारांकडची उधारी जानेवारीत आली नाही, तर नेमकी 22 तारखेलाच ओढाताण होते. व्याजमुक्त सवलत आहे म्हणून ती घ्यावी, पण दर महिन्याचा खरा आकडा वहीत लिहून चलन आणि खरा कर यांतील फरक वेगळ्या बँक खात्यात ठेवावा, असा माझा आग्रह असतो. ती रक्कम ग्राहकाने सरकारसाठी आपल्याकडे दिलेली आहे, हे विसरता कामा नये.

ही सवलत कुठे तुटते ते दोन ठिकाणी पाहावे लागते. पहिले ठिकाण म्हणजे चलनच उशिरा भरणे. समजा ऑक्टोबरचे 21,000 रुपये 25 नोव्हेंबरऐवजी 15 डिसेंबरला भरले, तर 20 दिवसांचे व्याज वार्षिक 18 टक्क्यांनी सुमारे 207 रुपये होते. हे व्याज चलनाच्या 21,000 वर लागते, खऱ्या 48,000 वर नाही. चलन उशिरा भरल्याबद्दल विलंब शुल्क मात्र नसते. ते फक्त विवरणपत्राला असते. दुसरे ठिकाण म्हणजे विवरणपत्राची मुदत चुकणे. दोन्ही चलने वेळेत भरून विवरणपत्र 22 ऐवजी 30 जानेवारीला दाखल केले, तर परिपत्रकातील उदाहरणाप्रमाणे उरलेल्या 48,000 रुपयांवर 22 जानेवारीपासून 8 दिवसांचे व्याज लागेल, जे सुमारे 189 रुपये होते, आणि शिवाय दिवसाला 50 रुपयांप्रमाणे 400 रुपये विलंब शुल्क द्यावे लागेल. रकमा लहान वाटतात, पण पुढच्या तिमाहीत त्यांचा एक वेगळाच परिणाम होतो: आधीच्या तिमाहीचे विवरणपत्र दाखल झालेले नसेल, तर 35 टक्क्यांच्या पद्धतीला लागणारा आधारच पोर्टलकडे नसतो आणि ती पद्धत वापरता येत नाही.

जानेवारी ते मार्च या तिमाहीत चित्र उलटे होते, आणि आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रोखीने फिटलेला कर 90,000 रुपये आहे, म्हणून जानेवारी आणि फेब्रुवारीसाठी पोर्टल प्रत्येकी 31,500 रुपयांचे चलन दाखवील. सण संपल्यामुळे जानेवारीची विक्री 2,50,000 रुपयांवर आली असे धरू. त्यावरचा कर 45,000 आणि क्रेडिट 33,000 रुपये असेल, तर खरा कर 12,000 रुपये निघतो. फेब्रुवारीचा 14,000 आणि मार्चचा 15,000 रुपये धरला, तर तिमाहीचा एकूण कर 41,000 रुपये होतो. सवयीने 35 टक्क्यांची दोन चलने भरली तर 63,000 रुपये जमा होतील, म्हणजे गरजेपेक्षा 22,000 रुपये जास्त. ही रक्कम बुडत नाही. ती कॅश लेजरमध्ये राहते आणि पुढच्या तिमाहीत वापरता येते. पण पहिल्या दोन महिन्यांसाठी जमा केलेल्या रकमेचा परतावा त्या तिमाहीचे जीएसटीआर-3बी भरल्यानंतरच मागता येतो, आणि तोवर ती दुसऱ्या कामालाही वापरता येत नाही. मंदीच्या तीन महिन्यांत एवढे खेळते भांडवल अडकवून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून या तिमाहीत स्वयंनिर्धारणाने 12,000 आणि 14,000 रुपये भरावेत.

मात्र तिथे व्याजाचे संरक्षण उरत नाही, आणि खरी काळजी याच ठिकाणी घ्यायची असते. स्वयंनिर्धारणाने भरलेली रक्कम त्या महिन्याच्या खऱ्या करापेक्षा कमी निघाली, तर कमी पडलेल्या भागावर व्याज लागते. जानेवारीतील 50,000 रुपयांच्या वायरच्या मालाचे एक बिल नोंदवायचे राहून गेले आणि मार्चअखेर हिशेब जुळवताना ते सापडले, असे समजा. त्यावरचा 9,000 रुपये कर 25 फेब्रुवारीपर्यंत जायला हवा होता. तो 22 एप्रिलला विवरणपत्राबरोबर गेला, तर 56 दिवसांचे व्याज सुमारे 249 रुपये होते. हेच बिल राहिले असते आणि आपण 31,500 चे ठरावीक चलन भरलेले असते, तर या 9,000 वर व्याजाचा प्रश्नच आला नसता. म्हणून स्वयंनिर्धारण निवडले की महिना संपल्यावर बिलबुक आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर यांतील अनुक्रमांक तुटलेले नाहीत ना, एवढे तरी तपासावे. राहिलेली बहुतेक बिले क्रमांक तुटलेला पाहताच सापडतात.

क्रेडिटच्या बाजूला एक जास्त अवघड अडचण आहे. ऑक्टोबर 2024 पासून तिमाही करदात्यांसाठी जीएसटीआर-2बी हे क्रेडिटचे पत्रक तिमाहीला एकदाच तयार होते. पहिल्या दोन महिन्यांसाठी ते मिळत नाही. त्यामुळे जानेवारीचे 33,000 रुपये क्रेडिट आपण कशाच्या आधारावर धरले, हा प्रश्न उरतोच. केवळ खरेदीच्या वहीवरून क्रेडिट धरले आणि एखाद्या पुरवठादाराने आपले बिल तिमाही संपेपर्यंत अपलोडच केले नाही, तर ते क्रेडिट तिमाहीच्या 2बी मध्ये येणार नाही, विवरणपत्रात घेता येणार नाही आणि जानेवारीचा भरणा तेवढा कमी ठरेल. मी अशिलांना जीएसटीआर-2ए उघडून खरेदीच्या वहीशी बिलागणिक ताडून पाहायला सांगतो आणि 2ए मध्ये जे बिल दिसत नाही त्याचे क्रेडिट मासिक चलनाच्या हिशेबात धरू देत नाही. यात चलनाची रक्कम थोडी जास्त होते, पण ती पुढे विवरणपत्रात वापरली जाते. ज्याच्या पुरवठादारांची बिले नेहमी उशिरा चढतात आणि ज्याच्या दोन तिमाहींच्या करात फारसा फरक नसतो, अशा व्यापाऱ्याने 35 टक्क्यांचेच चलन भरत राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठरावीक रकमेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. एखादा करदाता आधी मासिक विवरणपत्र भरत असेल आणि ऑक्टोबरपासून नव्याने या योजनेत आला असेल, तर त्याच्यासाठी आधार 35 टक्के नसतो. त्याने मागील तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबरमध्ये, जेवढा कर रोखीने भरला तेवढीच पूर्ण, शंभर टक्के रक्कम चलनात येते. पोर्टलवरच्या पर्यायाचे नाव तरीही `35% Challan` असेच दिसते, त्यामुळे आकडा फुगलेला पाहून माणूस गोंधळतो. सप्टेंबरमध्ये दिवाळीच्या मालाची आगाऊ विक्री झालेली असेल, तर ही रक्कम फारच मोठी येऊ शकते, आणि तिथेही स्वयंनिर्धारण हाच मार्ग असतो. ज्याची नोंदणी महिन्याच्या किंवा तिमाहीच्या मधूनच झाली आहे, त्याच्याकडे मागचा पूर्ण करकालावधीच नसतो, म्हणून त्याला सुरुवातीला स्वयंनिर्धारणाशिवाय पर्याय नाही.

चलन तयार करताना सर्वसाधारण भरण्याचा पर्याय न निवडता तिमाही करदात्याच्या मासिक भरण्याचे कारण निवडावे, मग आर्थिक वर्ष आणि महिना निवडावा आणि नंतर `35% Challan` किंवा स्वयंनिर्धारणाचे चलन यांपैकी एक घ्यावे. घाईत सर्वसाधारण भरणा निवडला की पैसे कॅश लेजरमध्ये जातात खरे, पण ते ऑक्टोबरचे ठरावीक चलन म्हणून नोंदले जात नाहीत. चलन तयार करणे आणि पैसे जमा होणे या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत. तयार झालेले चलन 15 दिवस वैध असते, पण मुदत मोजताना बँकेकडून पैसे जमा झाल्याची तारीख धरली जाते. म्हणून भरणा केल्यावर कॅश लेजर उघडून रक्कम दिसते का ते पाहावे आणि ती पावती त्या महिन्याच्या कागदांना जोडावी. कॅश किंवा क्रेडिट लेजरमध्ये आधीच त्या महिन्याच्या खऱ्या कराला पुरेल एवढी शिल्लक असेल, किंवा त्या महिन्यात कर शून्य असेल, तर चलन भरण्याची गरजच नसते. दुसऱ्या महिन्यासाठी ही शिल्लक दोन्ही महिन्यांच्या एकत्रित कराला पुरली पाहिजे, हे मात्र पाहून घ्यावे.

आपली विक्री घाऊक आहे, म्हणून एक गोष्ट मूळ प्रश्नाला धरूनच सांगतो. मासिक चलन भरल्याने आपल्या ग्राहकाला क्रेडिट मिळत नाही. नोंदणीकृत ग्राहकांची ऑक्टोबरची बिले आपण 1 ते 13 नोव्हेंबरच्या दरम्यान आयएफएफ या सुविधेतून चढवली, तरच ती ग्राहकाला वेळेत दिसतात. नाही तर 13 जानेवारीपर्यंतच्या तिमाही जीएसटीआर-1 पर्यंत त्याला थांबावे लागते. आयएफएफ ऐच्छिक आहे आणि तिची मर्यादा महिन्याला 50 लाख रुपयांची आहे, जी आपल्याला पुरेशी आहे. चलन वेळेत भरूनही कंत्राटदार पैसे अडवून धरतात, अशी तक्रार घेऊन व्यापारी येतात तेव्हा बहुधा न भरलेली आयएफएफच त्यामागे असते.

जानेवारी ते मार्चचा कर 41,000 रुपये ठरला, तर एप्रिल आणि मे महिन्यांसाठीचे 35 टक्क्यांचे चलन प्रत्येकी 14,350 रुपयांचे येईल. चुकून आपण आधी 63,000 जमा केलेले असले तरी हा आकडा बदलत नाही, कारण आधार विवरणपत्रातून वळता झालेल्या कराचा असतो, जमा केलेल्या रकमेचा नाही. उन्हाळ्यात पंखे-कूलरमुळे आपली विक्री वाढत असेल, तर त्या तिमाहीत पुन्हा 35 टक्क्यांचे चलन आपल्या सोयीचे ठरेल. दर महिन्याचा खरा हिशेब काढणे तरीही जड वाटू लागले आणि मासिक विवरणपत्रच बरे असे वाटले, तर एप्रिल-जूनच्या तिमाहीपासून बाहेर पडण्याची मुदत 1 फेब्रुवारी ते 30 एप्रिल अशी असते.